ओठावर जर उतलाय आणि घरात तान्हं बाळ आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये लहान मुलांचा डॉक्टर आहे. मोठ्यांच्या ओठावरचे फोड हा तसा माझा विषय नाही. तरी बारशाच्या आधल्या रात्री ओठाचा फोटो मलाच येतो, आणि खाली लिहिलेलं असतं, "सर, उद्या बाळाला मांडीवर घेऊ ना?" असे जमलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द विचारणाऱ्यांचेच आहेत. एकच प्रश्न दहा जणांनी विचारला असेल तिथे त्यातला सर्वांत सरळ ठेवला आहे. एका उत्तराला दुसऱ्याची गरज लागेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताप उतरला की माझ्या ओठाच्या कडेला बारीक फोड येतात. आई म्हणते जर उतला, शेजारच्या काकू म्हणतात रात्री किडा फिरून गेला. नक्की काय असतं हे?

किडा नाही आणि बाहेर पडलेली उष्णताही नाही. हा हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू आहे, आणि ओठावर बहुतेक वेळा त्याचा प्रकार १ असतो. तो शरीरात बहुधा लहानपणीच शिरतो. कोणीतरी पापी घेतलेली असते, उष्टं भरवलेलं असतं. तेव्हा काहींना तोंडभर फोड आणि ताप येतो, पण बऱ्याच जणांना काही झालेलं कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांपैकी साधारण दोघांच्या शरीरात तो आहे.

फोड बरे झाले म्हणजे विषाणू गेला असं होत नाही. ओठाच्या त्वचेतून तो संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूत शिरतो आणि कानाच्या पुढे, कवटीच्या आत असलेल्या त्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन गप्प बसतो. तिथे ना औषध पोचून त्याला संपवतं, ना प्रतिकारशक्ती. कधीतरी तो त्याच वाटेने उलट खाली येतो. वाट तीच असल्यामुळे फोडही दर वेळी जवळपास त्याच जागी येतात. तुमच्या ओठाची ती एक ठरलेली कडा म्हणूनच.

२. ही नागीण आहे का? की तोंड आलंय?

दोन्ही नाही. नागीण कांजण्यांच्या विषाणूमुळे होते. तो याच घराण्यातला, पण वेगळा. नागिणीचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला, बऱ्यापैकी मोठा आणि ठणकणारा असतो, आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच होतो. तोंड येतं तेव्हा गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या मऊ भागावर पांढरट जखम होते. तिच्यात आधी पाण्याचे फोड नसतात आणि ती लागट नसते. ओठांच्या कोपऱ्यात, जिथे दोन ओठ मिळतात तिथे, चिरा पडल्या असतील तर ते तिसरंच दुखणं.

जर उतण्याची खूण म्हणजे ओठ आणि बाहेरची त्वचा मिळते त्या रेषेवर आलेला बारीक, पाणीदार फोडांचा घोस, आणि फोड दिसण्याआधी त्याच जागी झालेली चुणचुण.

३. ताप आला की उततो हे समजलं. पण ताप नसतानाही परीक्षेत, लग्नघाईत, द्राक्षाच्या काढणीत दर वर्षी का उततो?

गाठीत बसलेल्या विषाणूवर प्रतिकारशक्तीचा पहारा असतो. ताप, जागरण, मनावरचा ताण, पाळी, दातांचं काम यांपैकी काहीही हा पहारा थोडा ढिला करायला पुरतं. ऊन मात्र दुहेरी काम करतं. ते ओठाच्या त्वचेतली स्थानिक प्रतिकारशक्ती दाबतं आणि मज्जातंतूलाही डिवचतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी-निफाडकडच्या बागांत आठ-आठ तास उभी राहणारी माणसं आणि चैत्रात वणीच्या गडावर पायी जाऊन आलेली माणसं परत येतात ती ओठ घेऊनच. यात पहाटेची थंडी, दुपारचं ऊन, झोपमोड आणि दलालाशी घासाघीस हे सगळं एकाच आठवड्यात येतं, तेव्हा नक्की दोष कुणाचा हे सांगता येत नाही.

ज्यांचा जर उन्हाने उततो त्यांना रुंद टोपी आणि ओठांना लावायचा एसपीएफ ३० चा सनस्क्रीन बाम याचा खरोखर उपयोग होतो. ताणाने उतणाऱ्यांना मी फारसं काही देऊ शकत नाही. "ताण घेऊ नका" असं सांगणं सोपं, म्हणून मी ते सांगत नाही.

४. किती दिवस लागट असतो? खपली धरली की चालतं का?

पहिल्या दिवशी फक्त चुणचुण, खाज किंवा ताण जाणवतो. दिसत काही नाही, पण विषाणू त्वचेपर्यंत आलेला असतो. मग लाल होतं, काही तासांत फोड येतात, एक-दोन दिवसांत फुटून ओली जखम होते, मग पिवळट खपली धरते. साधारण ७ ते १० दिवसांत खपली पडून खाली कोरडी त्वचा दिसते. सर्वांत जास्त विषाणू फोड आणि ओल्या जखमेच्या दिवसांत असतो, पण खपलीखाली ओल असेपर्यंत तो असतोच.

मोठ्या माणसांच्या व्यवहारात एवढ्याने फारसं बिघडत नाही. चुंबन आणि एकमेकांचा उष्टा पेला टाळला, टॉवेल वेगळा ठेवला, फोडाला हात लागल्यावर धुतला की झालं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र नियम कडक आहे: खपली आपोआप पडून खालची त्वचा पूर्ण कोरडी होईपर्यंत लागट समजायचं. ओठावर काहीच नसतानाही अधूनमधून लाळेत विषाणू येतो, हेही खरं आहे. म्हणून प्रश्न ९ मधला पापीचा नियम ज्याचा ओठ उतलाय त्याच्यापुरता नसून सगळ्यांना लागू आहे.

५. गोळी घ्यावी की मलम? कोणती, किती?

आधी वेळेचं बोलू, कारण नावापेक्षा वेळ महत्त्वाची. ही औषधं विषाणूला मारत नाहीत, त्याचं वाढणं थांबवतात. वाढ पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकलेली असते. चुणचुण सुरू झाल्यापासून काही तासांत घेतलेली गोळी दुखणं एखाद्या दिवसाने कमी करते, क्वचित फोड उठूच देत नाही. खपली धरल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग दुकानदाराला होतो.

मोठ्या माणसाला व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम, १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम, एवढंच. एका दिवसात काम संपलं. लिहिलेली ५०० मिलिग्रॅमची गोळी असेल तर एका वेळी चार घ्यायच्या हे ऐकून लोक दचकतात आणि एकच घेतात. फॅमसायक्लोव्हिर १५०० मिलिग्रॅम एकदाच घेतात. जुनं आणि स्वस्त अ‍ॅसायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा, पाच दिवस घ्यावं लागतं. ते पोटातून कमी शोषलं जातं, म्हणून इतक्या वेळा. ५ टक्क्यांचं अ‍ॅसायक्लोव्हिर मलम दिवसातून पाच वेळा लावलं तर फार तर अर्धा-एक दिवस वाचतो.

ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्या, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते आवर्जून सांगा, कारण औषध मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं आणि मात्रा कमी करावी लागते. गोळी घ्याल त्या दिवशी पाणी भरपूर प्या. ज्यांना वर्षातून सहा-सात वेळा किंवा त्याहून जास्त त्रास होतो त्यांना काही महिने रोज एक छोटी मात्रा देतात. ते तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा.

६. मेडिकलवाल्याने दिलेलं मलम लावलं, दोन दिवस बरं वाटलं आणि मग जखम दुप्पट झाली. असं का?

ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. दाद-खाज-खरूज सगळ्यावर चालणारं म्हणून जे मिश्र मलम घरोघरी असतं त्यात ते हमखास असतं. स्टेरॉइडने लाली आणि आग उतरते, म्हणून बरं वाटतं. पण तीच तर प्रतिकारशक्तीची लढाई असते. ती दाबली की विषाणूला मोकळं रान मिळतं. ते मलम बंद करा, आणि डोळ्याच्या जवळ लावलं असेल तर प्रश्न १३ आजच वाचा. चुना आणि टूथपेस्टबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्यांनी जखम भाजते, विषाणूला काही होत नाही.

७. मी सात महिन्यांची गरोदर आहे. ओठावर जर उतलाय. पोटातल्या बाळाला काही होईल का?

ओठावर नेहमी येणारा फोड पुन्हा आला तर पोटातल्या बाळाला त्याचा धोका नाही. विषाणू त्या मज्जातंतूच्या वाटेवरच असतो, रक्तातून बाळापर्यंत जात नाही. लागलंच तर अ‍ॅसायक्लोव्हिर गरोदरपणात देता येतं. त्याचा अनेक वर्षांचा अनुभव आहे आणि त्याने बाळात व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही.

एक गोष्ट मात्र लाज न धरता तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. जननेंद्रियावर कधी फोड किंवा ओल्या जखमा आल्या होत्या का, नवऱ्याला कधी आल्या होत्या का. नवजात बाळांना होणाऱ्या हर्पीसपैकी बहुतांश, साधारण ८५ टक्के, बाळंतपणात जन्ममार्गातून होतो. ओठावरचा प्रकार १ तोंडावाटे होणाऱ्या संबंधातून तिथेही पोचतो. शेवटच्या तीन महिन्यांत तिथे आयुष्यात पहिल्यांदाच फोड आले तर धोका सर्वांत मोठा असतो, आणि तेव्हा सिझेरियनचा निर्णय घेतला जातो. एकूणातले आणखी साधारण १० टक्के जन्मानंतर कुणाच्या तरी ओठातून किंवा हातातून होतात. हे पान मुख्यतः त्या १० टक्क्यांबद्दल आहे, कारण तेवढं तरी घरातल्यांच्या हातात आहे.

८. माझा ओठ कॉलेजपासून उततो. बाळ आठ दिवसांचं आहे आणि आज पुन्हा उतलाय. दूध बंद करू का?

नाही. दुधातून हा विषाणू जात नाही. आणि तुमचा जर जुना आहे, हीच तुमच्या बाळाच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. इतक्या वर्षांत तुमच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार झाली आहेत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती नाळेतून बाळाला मिळाली आहेत. हे पूर्ण कवच नाही, पण काही प्रमाणात आहे. बाळ लवकर, म्हणजे आठव्या महिन्याच्या आतबाहेर जन्मलं असेल तर हा साठा अर्धवट असतो, तेव्हा जास्त जपा.

पाजण्याआधी हात साबणाने धुवा. पाजताना सर्जिकल मास्क लावा, ओला झाला की बदला. पापी नाही, गालाला गाल नाही. बाळाच्या तोंडातून पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून "साफ" करायची सवय असेल तर ती कायमची सोडा. गोळी हवी असेल तर अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर स्तनपानात चालतं.

दूध थांबवण्याचं कारण एकच: स्तनावर, विशेषतः बोंडाजवळ, फोड आले असतील तर. मग त्या बाजूने पाजायचं नाही, त्या बाजूचं दूध काढून टाकून द्यायचं, जखम झाकून ठेवायची आणि दुसऱ्या बाजूने पाजत राहायचं. असे फोड बोंडाच्या चिरा समजून अंगावर काढले जातात. चिरेला फोडांचा घोस नसतो, एवढा फरक लक्षात ठेवा.

९. मग बाळाला धोका कुणाकडून? आणि बारशाला पन्नास माणसं येणार आहेत, त्यांना काय सांगू?

ज्या बाळाच्या आईला हा विषाणू कधीच झालेला नाही, त्या बाळाकडे प्रतिपिंडं शून्य असतात. अशा बाळाला ओठ उतलेल्या मामाची एक पापी ही आईच्या जुन्या जरापेक्षा जास्त धोक्याची. लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो. बाळंतिणीला कोपऱ्यात बसवतात आणि मुंबईहून रात्रीच्या गाडीने जागरण करून आलेल्या आत्याच्या मांडीवर बाळ देतात.

पहिले सहा आठवडे एकच नियम पुरतो: आई-बाबा सोडून कुणीही बाळाच्या चेहऱ्याला आणि हाताला तोंड लावायचं नाही, आणि आई-बाबांनीही ओठावर काही असेल तर नाही. हात म्हणजे हातही. बाळ मूठ दिवसभर चोखतं. बोट थुंकीने ओलं करून तीट लावणं, गुटी गरम आहे का ते स्वतःच्या ओठावर पाहणं, दृष्ट लागू नये म्हणून थू-थू करणं हे सगळं यात आलं. तीट पाण्याने लावा, आजीला सांगा की काळी तेवढीच दिसते. मालिशवाल्या बाईंच्या बोटावर दुखरा, पाणी धरलेला फोड असेल तर तो याच विषाणूचा असू शकतो. तो बरा होईपर्यंत मालिश घरच्यांनी करा.

ज्याचा ओठ उतला आहे त्याने बारशाला यावं, जेवावं, नाव ऐकावं, पाळण्यापासून लांबून. पेलाभांडी साबणाने धुतली की पुरे. साबण आणि अल्कोहोलचा सॅनिटायझर दोन्हींनी हा विषाणू मरतो. एका जावयाने मला विचारलं होतं, सासऱ्यांना हे कसं सांगू? मी म्हटलं, माझं नाव सांगा, डॉक्टर खडूस आहे म्हणा. हे चालतं, अनुभवाने सांगतो.

१०. ओठ उतलेला असताना भावाने बाळाची पापी घेतलीच. बाळ दहा दिवसांचं आहे. आता?

ती जागा साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना फोन करा. तुमचा स्वतःचा ओठ कधी उतला आहे का आणि बाळ किती आठवड्यांचं जन्मलं हे सांगा. बाळ छान पीत असेल तर बहुतेक वेळा लगेच औषध दिलं जात नाही, लक्ष ठेवायला सांगतात. संसर्ग झालाच तर लक्षणं साधारण २ ते १२ दिवसांत दिसू लागतात, म्हणून निदान दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून पाहायचं. काय पाहायचं ते पुढच्या उत्तरात आहे. एका पापीने प्रत्येक बाळाला आजार होतो असं अजिबात नाही, हा आजार दुर्मीळच आहे. पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

११. बाळाला संसर्ग झालाय हे ओळखायचं कसं? ताप येतोच ना?

येतोच असं नाही, आणि फोडही दिसतीलच असं नाही. म्हणूनच हा आजार निसटतो. एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

निफाडकडची पहिलटकरीण. दिवस पूर्ण भरलेले, बाळंतपण सरळ, बाळ २.९ किलोचं. पाचवीच्या पूजेला मामा आला होता. आदल्या आठवड्यात त्याला ताप येऊन गेलेला, खालच्या ओठावर ओली खपली. त्याने कौतुकाने बाळाच्या कपाळाला ओठ टेकवले. आईचा ओठ आयुष्यात कधी उतला नव्हता. तेराव्या दिवशी बाळ पिताना मध्येच सोडून द्यायला लागलं. दर दोन तासांनी रडून उठणारं बाळ चार-चार तास झोपलं. घरच्यांना बरंच वाटलं, शांत झालं म्हणून. चौदाव्या दिवशी टाळूच्या मागे केसांत तीन बारीक फोड दिसले. तेलाने घामोळं उठलं असं म्हणून पावडर लावली. अंगाला ताप नव्हता, उलट हातपाय गार होते. पंधराव्या दिवशी पहाटे उजवा हात एका लयीत झटकायला लागला. हात धरून ठेवला तरी झटके थांबेनात. तेव्हा ते निघाले.

फीटचा झटका आणि थंडीने होणारी थरथर यातला फरक इथेच कळतो. थरथर हलक्या हाताने धरली की थांबते, झटका थांबत नाही.

या गोष्टीत तेरावा दिवस महत्त्वाचा होता, पंधरावा नव्हे. पहिल्या सहा आठवड्यांत बाळाने दूध कमी केलं, उठवूनही उठेना, उलट्या, वाढत जाणारी कावीळ, धाप, तापमान १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त अथवा ९७.७ च्या खाली, अंगावर कुठेही पाण्याचा फोड, डोळा लाल होऊन चिकटणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, बाळाला दाखवा. झटका असेल किंवा बाळ निळं पडत असेल तर १०८ ला फोन करा आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असेल तिथेच न्या. पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा, "घरात एकाचा ओठ उतला होता." हे वाक्य कुणी आपणहून विचारत नाही.

१२. दवाखान्यात काय करतात? गोळ्या-सिरप देऊन घरी का सोडत नाहीत?

कारण तोंडाने दिलेलं औषध एवढ्या लहान बाळाच्या मेंदूत पुरेसं पोचत नाही. वरच्या बाळाचंच सांगतो. डोळे, तोंड, नाक, गुदद्वार आणि फोड यांवरून स्वॅब घेतले, रक्त घेतलं आणि पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, सगळं पीसीआर तपासणीसाठी. पाणी काढायचं म्हटलं की आजी रडायला लागतात, बाळ अधू होईल म्हणून. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. पाणी न काढता मेंदूपर्यंत गेलंय की नाही हे कळत नाही, आणि उपचाराचे दिवस त्यावरच ठरतात.

रिपोर्टची वाट पाहिली नाही. अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून लगेच सुरू केलं: किलोमागे २० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी. म्हणजे या बाळाला एका वेळी साधारण ६० मिलिग्रॅम, एक तासभर सावकाश. घाईने दिलं तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात, म्हणून लघवी आणि क्रिएटिनिन यांवर लक्ष ठेवतात. दोन दिवसांनी मणक्याच्या पाण्यात विषाणू असल्याचा रिपोर्ट आला.

फक्त त्वचा, डोळे आणि तोंड एवढ्यापुरतं असेल तर १४ दिवस, मेंदू किंवा यकृत-फुप्फुसांत पसरलं असेल तर २१ दिवस. चौथ्या दिवशी बाळ छान पीत होतं आणि वडील घरी न्यायचं म्हणून अडून बसले होते. मेंदूच्या संसर्गात असं मध्येच थांबवलं तर तो उलटतो. एकविसाव्या दिवशी पुन्हा पाणी तपासलं, ते स्वच्छ निघालं, मगच सोडलं. पुढे सहा महिने तोंडाने सिरप आणि दरम्यान पांढऱ्या पेशींची तपासणी, कारण या औषधाने त्या कमी होतात. बाळ वाचलं. उजवा हात डाव्यापेक्षा मागे आहे, फिजिओथेरपी चालू आहे. तेराव्या दिवशी आलं असतं तर हात वाचला असता का? मला तसं वाटतं, पण खात्रीने म्हणता येत नाही. विषाणू मामाकडूनच आला हेही सिद्ध करता येत नाही, कारण आईलाही नकळत संसर्ग असू शकतो. म्हणून मामाला मी वेगळं बोलावून तेही सांगितलं. तो महिनाभर त्या घरी गेला नव्हता.

आजार शरीरभर पसरला आणि उपचार झालाच नाही तर बहुतेक बाळं दगावतात. उपचार होऊनही त्यातली साधारण तीनात एक हातची जाते. नुसत्या त्वचेवर असताना पकडलेली बाळं मात्र जवळजवळ सगळी ठणठणीत होतात.

१३. बाळ मोठं झालं की भीती संपली का? आमची मुलगी दीड वर्षाची आहे.

सहा आठवड्यांनंतर धोका झपाट्याने कमी होतो. दीड वर्षाच्या मुलीला पहिल्यांदा संसर्ग झाला तर चार-पाच दिवस चांगलाच ताप, सुजलेल्या आणि रक्त येणाऱ्या हिरड्या, तोंडभर फोड आणि अखंड लाळ. खाणं-पिणं बंद झाल्याने मुलं कोरडी पडतात, त्रास त्याचाच जास्त. थंड ताक, पेज, घोट-घोट पाणी द्या. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर दाखवा. पहिल्या तीन दिवसांत आणलं तर अ‍ॅसायक्लोव्हिरचं सिरप उपयोगी पडतं.

वय कितीही असो, दोन प्रसंगी थांबू नका. डोळा लाल, दुखरा, उजेड सहन न होणारा झाला तर विषाणू बुबुळावर असू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि घरातले जुने थेंब घालू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळावर कायमचा डाग पडू शकतो. दुसरा प्रसंग इसबाचा. ज्या मुलाला अंगभर इसब आहे त्याच्या इसबावर अचानक एकसारखे, मध्ये खळगा असलेले फोड पसरू लागले आणि ताप आला तर रात्रीसुद्धा न्यायचं.

१४. बाळ व्हायच्या आधी घरातल्या सगळ्यांची हर्पीसची रक्त तपासणी करून घेऊ का?

नको. ज्याला 'आयजीजी' म्हणतात ती तपासणी कधीकाळी संसर्ग झाला होता एवढंच सांगते, आणि तसा तो निम्म्याहून जास्त घराला झालेला असणारच. आज कोण लागट आहे हे त्यातून कळत नाही. 'आयजीएम'वर तर मी अजिबात भरवसा ठेवत नाही. जुना जर पुन्हा उतला तरी ती वाढलेली दिसते आणि नसतानाही दिसू शकते. पैसे वाचवा, मास्कचं एक खोकं आणा. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तुमच्या प्रश्न ७ मधल्या उत्तरावरून तपासणी सांगितली असेल तर ती गोष्ट वेगळी, ती करा.

१५. खपली कालच पडली. खाली गुलाबी आहे पण ओलं नाही. आज नातीला घेऊ?

घ्या. बोट लावून पाहा, ठसठस नाही, चिकट नाही, तर झालं. हात धुवून घ्या आणि मांडीवर घ्या. पापी मात्र तिला सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, आजोबा.